कंबर नेमकी कुठे असते?

सर्जिकलच्या दुकानात कमरेचा पट्टा मागितला, की काउंटरपलीकडून हमखास एक प्रश्न येतो, ‘पँट कितीची लागते?’ साडीतली बाई असेल, तर दुकानदार नुसत्या नजरेने अंदाज घेतो आणि ‘लार्ज घेऊन जा, ताई’ म्हणतो. यात त्याची लबाडी नसते, गोंधळ आपल्या भाषेतच आहे. कंबर हा मराठीतला फार ऐसपैस शब्द. शिंप्याची कंबर वेगळी आणि परकराच्या नाडीची वेगळी. ‘कंबर धरली’ म्हणणाऱ्याचा हात तर बरगड्यांच्या खालपासून ढुंगणाच्या वरच्या भागापर्यंत कुठेही जातो. पट्ट्याच्या खोक्यावर मात्र सेंटिमीटरमध्ये एकाच जागेचं माप असतं आणि ते या सगळ्या कंबरांपैकी एकीचंच असतं. पट्टा कुठे बसायचा हे हाडावरून ठरवावं आणि मग तिथलं माप घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. आपण नेमकं उलट करतो. कुठल्या तरी जागेचं आधीच माहीत असलेलं माप सांगतो आणि पट्टा जिथे बसेल तिथे बसू देतो.

बाजारात ‘लंबो-सॅक्रल’ किंवा नुसता ‘एलएस बेल्ट’ म्हणून मिळणाऱ्या पट्ट्याचं नावच त्याची जागा सांगतं. लंबर म्हणजे पाठीच्या कण्याचे कमरेतले पाच मणके आणि सॅक्रम म्हणजे त्यांच्या खालचं, ओटीपोटाच्या दोन हाडांमध्ये पाचरीसारखं बसलेलं त्रिकोणी हाड. वाकताना या भागातल्या खालच्या दोन सांध्यांवर, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्याच्या आणि पाचवा मणका व त्रिकोणी हाड यांच्या जोडावर, मोठा ताण येतो. चकतीचे त्रासही बहुतेक तिथेच उद्भवतात. म्हणून पट्ट्याचा मधला भाग साधारण चौथ्या मणक्याच्या पातळीला यावा आणि खालची कड त्रिकोणी हाडावर उतरावी. पुष्कळ जण तो चार बोटं वर, मऊ कमरेच्या खाचेत बांधतात, कारण तिथे तो आपोआप अडकतो आणि सरकत नाही. याचा परिणाम काय होऊ शकतो, ते १९५७ साली नॉर्टन आणि ब्राऊन या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवलं. स्वयंसेवकांच्या मणक्यांच्या मागच्या टोकांत त्यांनी तारा बसवल्या, वर निरनिराळे आधारपट्टे बांधले आणि त्यांना वाकायला लावून तारा किती हलतात ते मोजलं. आधाराने वरचा भाग जखडला, की सगळ्यात खालच्या सांध्यातली हालचाल काही वेळा कमी न होता वाढत होती. त्यांनी वापरलेल्या पट्ट्यांत कडक सांगाड्याचे बरेच होते. आजचा कापडी, ताणाचा पट्टा तेवढं जखडत नाही, हे मान्य. पण वर चढलेला आधार खालच्या सांध्याला सोडून देतो, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

मग जागा सापडायची कशी? त्यासाठी विठोबासारखं उभं राहायचं. अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, हात कटीवर. मात्र हात सहज ठेवले, की ते मऊ भागावर टेकतात आणि तिथे फसगत होते. तर्जनीची बाजू बरगड्यांच्या खाली, कुशीच्या मऊ मांसात आत दाबायची आणि तशीच दाबून खाली न्यायची. एका जागी बोट कडक कंगोऱ्यावर अडतं. मूल कडेवर घेतलं की ते ज्या हाडावर टेकतं, तेच हे हाड, ओटीपोटाच्या हाडाची वरची कड. दोन्ही बाजूंना तो कंगोरा सापडला, की तर्जन्या तिथेच ठेवून अंगठे मागे, पाठीच्या मधोमध, एका आडव्या रेषेत न्यायचे. अंगठे जिथे भेटतात, तिथे साधारण चौथा मणका किंवा त्याच्या खालची फट असते. कण्यात सुई घालून भूल देताना भूलतज्ज्ञ पातळी ठरवायला हीच रेषा वापरतात. तिच्याखाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना अनेकांना खळ्या दिसतात. त्या त्रिकोणी हाडाच्या दुसऱ्या भागाच्या पातळीला असतात. पट्ट्याची खालची कड या खळ्या झाकत असेल, तर तो पुरेसा खाली आहे असं समजायला हरकत नाही.

बोटांनी शोधलेली जागा कितपत खरी, असं कोणी विचारेल, आणि ते रास्तच आहे. चाचपून काढलेली रेषा एक्स-रेवर ताडून पाहिली, तर ती बऱ्याचदा एक मणका वर निघते. स्थूल माणसांत आणि स्त्रियांमध्ये हे अधिक होतं, कारण चरबीच्या वळीवरच बोट थांबतं. सुई टोचणाऱ्याला ही चूक महाग पडू शकते. आपल्याला पडत नाही. एक मणका आणि त्याची चकती मिळून उंची जेमतेम चार सेंटिमीटर भरते, तर पट्ट्याची पाठीमागची उंची सहसा वीस सेंटिमीटरच्या वर असते. चूक झाली तर ती वरच्या बाजूला होते, एवढं ध्यानात ठेवून बोट आणखी जोर देऊन आत दाबायचं आणि शंका आली तर पट्टा किंचित खालीच बांधायचा. बेंबीवरून पातळी ठरवणं मात्र टाळावं. सडपातळ तरुणाची बेंबी या रेषेच्या आसपास असते. पोट सुटलं की पोटाबरोबर ती खाली उतरते आणि गरोदरपणानंतर तिची जागा बदललेली असू शकते. हाड मात्र हलत नाही.

माप घेणं त्यामानाने सोपं. शिंप्याची टेप चालते, ती नसेल तर सुतळी गुंडाळून पट्टीवर धरावी. पट्ट्याच्या आत जी बंडी किंवा पातळ कपडा राहणार असेल, तेवढाच अंगावर ठेवावा. परकराची गाठ सोडवून बाजूला घ्यावी, नाहीतर टेप गाठीसकट माप घेते. पाठीमागे टेप नकळत वर-खाली होते, म्हणून आरशात किंवा दुसऱ्या कोणाकडून ती आडवी असल्याची खात्री करून घ्यावी. पोट आत ओढू नये. नेहमीसारखा श्वास सोडला, की त्या क्षणी वाचावं. हे माप ज्या खोक्यावर ‘बेंबीच्या पातळीला मोजा’ असं छापलं असेल, त्याला लावायचं का? नाही. तिथे बेंबीवरच मोजायचं, कारण त्या कंपनीने आपलं कोष्टक त्या जागेवरून बेतलेलं असतं. मोजायची जागा कोष्टक ठरवतं आणि बांधायची जागा हाड ठरवतं. कोष्टक गप्प असेल, तेव्हा दोन्ही कामांना हाडाचीच रेषा धरावी.

चुकीच्या जागेचं माप किती महागात पडू शकतं, ते एका उदाहरणात पाहू. समजा, पन्नाशीचा, पोट थोडं पुढे आलेला गृहस्थ आहे. त्याची पँट ३४ नंबरची, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. पण तयार पँटच्या लेबलवरचा आकडा खऱ्या घेरापेक्षा कमी असणं नेहमीचंच. शिवाय ही पँट पोटाच्या खालून तिरकी जाते, पोटाला तिचा स्पर्शही होत नाही. हाडाच्या रेषेवर टेप ९७ दाखवते, बेंबीवर १०१. खोक्यावर मीडियम ८० ते ९०, लार्ज ९० ते १००, एक्सएल १०० ते ११० असं कोष्टक आहे. पँटच्या हिशेबाने त्याला मीडियम मिळतो, हाडाच्या हिशेबाने लार्ज, बेंबीच्या हिशेबाने एक्सएल. एकाच माणसाचे तीन साइज! मीडियम कसाबसा लागतो, पण व्हेल्क्रो टोकाला दोन बोटं पकडतो आणि खुर्चीत बसलं की ‘चर्र’ करून सुटतो. लार्ज उभ्याने छान वाटतो. पण बसल्यावर पोटाचा घेर वाढतो, तेव्हा खालची कड जांघेत रुतते आणि माणूस नकळत पट्टा वर ओढतो, म्हणजे नको त्याच जागी. इथे कोष्टकात बेंबी लिहिलेली असेल, तर एक्सएलच खरा, आणि तोही बसून पाहिल्यावरच घ्यावा. मोठ्या पट्ट्याचाही धोका आहेच. पुढची दोन्ही टोकं एकमेकांवर फार चढली, तर खेचताना पट्ट्याच्या पाठीकडच्या भागातल्या ताठ पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत न राहता कुशीकडे फिरतात. म्हणून पट्टा बांधल्यावर पाठीत हात घालून, मधला कणा मोकळा आणि पट्ट्या दोन्हीकडे सारख्या अंतरावर आहेत ना, हे चाचपून पाहावं.

‘ताणाचं कापड आहे, लहान घेतला तर चांगला घट्ट बसेल’ हा युक्तिवाद दुकानात फार ऐकू येतो. ताणलेलं रबर आपली लांबी वाढवतं आणि रुंदी कमी करतं. लहान पट्टा म्हणजे अरुंद पट्टा, त्याच्या कडा गुंडाळी होऊन मांसात रुतणार. घट्टपणा तपासायला तळहात सपाट आत सरकतो का आणि खोल श्वास अडतो का, एवढं बघितलं तरी पुरे.

खरा आक्षेप याहून मोठा आहे. पट्ट्याचा उपयोगच शंकास्पद असेल, तर मापाची एवढी चिकित्सा कशाला? पुरावा खरोखरच पट्ट्याच्या बाजूने फारसा नाही. अमेरिकेत १६० नव्या दुकानांतल्या नऊ हजारांहून अधिक कामगारांवर झालेल्या अभ्यासात, पट्टा वापरल्याने पाठीच्या दुखापतींचे दावे किंवा कंबरदुखी कमी झाल्याचं दिसलं नाही. तो २००० साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने तर साध्या कंबरदुखीसाठी पट्टा देऊ नये असंच सांगितलं आहे. म्हणून दुखत नसताना ‘जपणूक’ म्हणून पट्टा घेणाऱ्याने पैसे वाचवावेत, असं माझं मत. पण शस्त्रक्रियेनंतर किंवा तीव्र दुखण्याच्या काही दिवसांत डॉक्टर ठरावीक वेळेपुरता पट्टा लिहून देतात, तेव्हा त्याचं काम साधं असतं. वाकू लागलं की ‘थांब’ म्हणून आठवण द्यायची आणि पोटाला समोरून थोडा दाब द्यायचा. ही आठवण वर सरकलेला पट्टा नीट देत नाही, आणि रुतणारा पट्टा तासाभरात काढून ठेवला जातो. काही आठवड्यांच्या वापराने स्नायू लुळे पडतात या भीतीलाही ठोस आधार नाही. उपाय मर्यादित आहे, म्हणूनच चुकीच्या मापाने तोही हातचा घालवू नये.

बांधल्यावर अर्धा तास घरात वावरावं, खुर्चीत बसावं, जिना चढावा आणि मग आरशात पाहावं. मागची कड वर चढली असेल, तर बहुधा पट्टा आखूड आहे किंवा सुरुवातीलाच वर बांधला होता. बरगडीखाली लाल वळ दिसला, तर उंची तुमच्या धडाला जास्त आहे. ठेंगण्या माणसाला कमी उंचीचा पट्टा लागतो, साइज बदलून उपयोग होत नाही. आणि पायात जोर कमी होणं, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काहीही झालं, तर टेप बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.