नोकरी सांभाळून दुसरं काम : करारात काय असतं आणि कंपनीला कसं सांगावं

सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीरपणे सांगितलं की, विप्रोत नोकरी करत असतानाच थेट प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणारे ३०० जण सापडले आणि त्यांना काढून टाकलं. पुढच्याच महिन्यात इन्फोसिसने आपल्या लोकांना कळवलं की मॅनेजर आणि एचआरची आधी परवानगी घ्या, कंपनीशी वा तिच्या ग्राहकांशी स्पर्धा होत नसेल तर बाहेरचं छोटं काम करता येईल. पहिली बातमी घराघरांत पोचली, दुसरी फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. म्हणून आजही अनेक जण जोडकाम एक तर भीतीपोटी नाकारतात, नाही तर लपवून करतात. दोन्हीच्या मुळाशी काही ठरावीक गैरसमज आहेत. खासगी कंपनीत पगारावर असलेल्या माणसाने ते नीट समजून घ्यायला हवेत.

गैरसमज १ : दुसरं काम करणं कायद्याने गुन्हा आहे

वस्तुस्थिती : खासगी नोकरीतल्या सगळ्यांना सरसकट लागू होईल असा बंदीचा केंद्रीय कायदा नाही. कारखान्यातल्या कामगारांचं मात्र वेगळं आहे. एका कारखान्यात काम केलेल्या दिवशी त्याच कामगाराला दुसऱ्या कारखान्यात राबवायला १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मनाई केली होती. माणसाला विश्रांती मिळावी आणि अपघात टळावेत, हा त्यामागचा हेतू. सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांचे वर्तणूक नियम लागू असतात आणि पूर्वपरवानगीशिवाय त्यांना खासगी धंदा वा नोकरी करता येत नाही.

बाकीच्यांसाठी प्रश्न उरतो तो कराराचा. इथे काही जण १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातलं कलम २७ पुढे करतात. धंदा करण्यापासून कुणाला रोखणारा करार रद्दबातल असतो, असं ते कलम सांगतं. मग कंपनीची अटही रद्दच, असा त्यांचा युक्तिवाद असतो. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये निकाल दिला आहे आणि तो खटला आपल्याच कल्याणचा आहे. टायर कॉर्डचं उत्पादन करणाऱ्या तिथल्या एका कंपनीतल्या शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला होता. मुदत संपण्याआधीच तो जास्त पगारावर कोट्याच्या कंपनीत गेला. निरंजन शंकर गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या नावाने हा खटला ओळखला जातो. नोकरीचा करार चालू असेपर्यंत दुसरीकडे काम न करण्याची अट साधारणपणे वैध असते, असं न्यायालयाने सांगितलं. अट फारच जाचक वा एकतर्फी असेल तर गोष्ट निराळी. नोकरी सोडल्यानंतरही बंधन घालणाऱ्या अटीकडे मात्र न्यायालयं कलम २७ नुसार कडकपणे पाहतात. म्हणजे नोकरीत असतानाची अट टिकते, असं धरून चालावं.

गैरसमज २ : फ्रीलान्स म्हणजे नोकरी नव्हे, आणि सुट्टीचा दिवस माझाच

वस्तुस्थिती : याचं उत्तर तुमच्या नियुक्तीपत्रात असतं. बहुतेक जण त्यातला पगाराचा तक्ता पाहतात आणि सही करतात. ही अट साधारणपणे मागच्या पानांवर ‘एक्सक्लुझिव्हिटी’, ‘आउटसाइड एम्प्लॉयमेंट’ किंवा ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ अशा मथळ्याखाली सापडते. नियुक्तीपत्रात ती नसेल तर ‘कंपनीची धोरणं वेळोवेळी लागू राहतील’ असं वाक्य शोधा. ते असेल तर आचारसंहिता आणि एचआरची धोरणपुस्तिकाही वाचावी लागते.

अटींचे ढोबळ तीन प्रकार असतात. पहिल्यात पूर्ण बंदी असते : कर्मचारी आपला संपूर्ण वेळ आणि लक्ष कंपनीला देईल आणि इतर कोणतंही काम करणार नाही. दुसऱ्यात लेखी पूर्वपरवानगीशिवाय काम करायचं नाही, असं असतं. तिसऱ्यात कंपनीच्या हिताला बाधा येईल असं काम करू नये, एवढंच म्हटलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात दार बंद नाही, फक्त विचारून आत जायचं आहे, आणि नेमकं हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही.

त्या अटीतले शब्द एकेक करून वाचा. ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ असं लिहिलं असेल तर पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने बिल काढून सुटका होत नाही. ‘मोबदला घेऊन वा न घेता’ असं असेल तर मित्राच्या स्टार्टअपला फुकट केलेली मदतही त्यात येते. ‘सल्लागार, भागीदार वा संचालक म्हणून’ असं असेल तर फ्रीलान्सही सुटत नाही. आणि ‘कामाच्या वेळेत’ असा शब्दच नसेल, तर शनिवार-रविवारचं कामही त्या अटीखाली येतं.

याच पत्रात बौद्धिक संपदेचं आणखी एक कलम असतं. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. काही कंपन्यांची कलमं याच्याही पुढे जातात : नोकरीच्या काळात, कंपनीच्या साधनांवर किंवा कंपनीच्या क्षेत्रात जे काही तयार कराल ते सगळं कंपनीचं. कंपनीच्या लॅपटॉपवर ग्राहकाचं काम केलंत, तर ते काम नेमकं कुणाचं हा वाद तुम्ही स्वतःच ओढवून घेता, आणि त्यात तुमचा ग्राहकही अडकतो.

गैरसमज ३ : कंपनीला कळणार कसं? किंवा, आयकर खातंच कंपनीला कळवतं

वस्तुस्थिती : आयकर खातं तुमच्या कंपनीला पत्र पाठवत नाही. तुमचं वार्षिक माहिती विवरण आणि २६एएस तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून दिसतात. पण पुढची नोकरी धरताना पडताळणी करणाऱ्या एजन्सी हीच कागदपत्रं तुमच्याकडे मागू शकतात. दुसरीकडेही पगारावर असाल तर पीएफमुळे ते उघड होण्याची शक्यता आणखी वाढते. यूएएन क्रमांक एकच असतो आणि त्याखाली दोन आस्थापनांचे सदस्य क्रमांक जोडले जातात. सेवेच्या नोंदीत एकाच काळासाठी दोन नावं दिसली की तारखांचा ताळमेळ बसत नाही. फ्रीलान्सरचं काम बहुधा त्याच्याच प्रोफाइलमुळे किंवा ग्राहकाने जाहीरपणे मानलेल्या आभारांमुळे कळतं.

कर भरण्याची जबाबदारी मात्र कंपनीला कळलं तरी आणि न कळलं तरी असतेच. फ्रीलान्सची कमाई पगारात मोडत नाही, ती व्यवसायाचं उत्पन्न ठरते. अशा वर्षी साधा आयटीआर-१ चालत नाही.

गैरसमज ४ : मॅनेजरला तोंडी सांगितलं की झालं

वस्तुस्थिती : मॅनेजर बदलतो, त्याची बदली होते, तो नोकरी सोडतो. करारात ‘लेखी परवानगी’ म्हटलं असेल तर चहाच्या टपरीवर मिळालेला होकार पुढे उपयोगी पडत नाही. लेखी कळवणं प्रत्यक्षात कसं असतं, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर डेव्हलपर असलेली एक तरुणी आहे. तिची कंपनी बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवते. साताऱ्यातल्या एका दातांच्या दवाखान्याला रुग्णांच्या वेळा नोंदवणारं अ‍ॅप हवं आहे. मोबदला ६०,००० रुपये आणि मुदत तीन महिने. तिच्या नियुक्तीपत्रातली अट दुसऱ्या प्रकारची आहे : लेखी पूर्वपरवानगी.

होकार देण्याआधी ती तीन गोष्टी तपासते. दवाखाना तिच्या कंपनीचा ग्राहक आहे का? नाही. कंपनी असं अ‍ॅप विकते का? नाही. या कामात कंपनीचा कोड, टेम्प्लेट किंवा परवाना घेतलेलं एखादं सॉफ्टवेअर लागणार आहे का? लागणार होतं, घाईत ती ऑफिसातल्या परवान्याचं डिझाइनचं साधन वापरणार होती. तो बेत ती सोडून देते. मग या कामाची माहिती एचआरला द्यायला दवाखान्याची हरकत नाही ना, हे विचारून घेते आणि मेल लिहिते :

“माझ्या नियुक्तीपत्रातील बाहेरच्या कामाविषयीच्या कलमानुसार मी लेखी परवानगी मागत आहे. साताऱ्यातील एका दंतचिकित्सालयासाठी रुग्णांच्या वेळा नोंदवणारे अ‍ॅप तयार करायचे आहे. कालावधी तीन महिने. काम फक्त शनिवारी-रविवारी, आठवड्याला जास्तीत जास्त आठ तास. हा दवाखाना आपला ग्राहक नाही आणि आपली कंपनी असे उत्पादन बनवत नाही. कंपनीचा लॅपटॉप, सॉफ्टवेअर, कोड वा माहिती वापरणार नाही. सुट्टीच्या दिवशी ऑफिसची सपोर्ट ड्युटी लागल्यास तिला प्राधान्य देईन. लेखी उत्तर मिळाल्यावरच काम सुरू करेन.”

मेल एचआरला जातो, प्रत मॅनेजरला. कंपनीच्या पोर्टलवर हितसंबंध जाहीर करण्याचा फॉर्म असेल तर तीच माहिती तिथेही भरायची. मोबदल्याचा आकडा मेलमध्ये नाही, कारण एचआरला पाहायचे असतात वेळ, स्पर्धा आणि साधनं. आकडा विचारला तर खरा सांगायचा. आणि उत्तर आलं नाही म्हणून परवानगी मिळाली, असं समजायचं नाही. आठवड्याने आठवण करून द्यायची आणि तोवर थांबायचं.

होकार आला तर तो बहुधा अटींसह येतो : सहा महिन्यांपुरता, याच ग्राहकासाठी, कंपनीचं नाव प्रसिद्धीत न वापरता. तो पत्राच्या स्वरूपात मागून घ्यावा. ऑफिसचा मेल खासगी पत्त्यावर पाठवणं कित्येक कंपन्यांच्या माहितीसुरक्षा धोरणात बसत नाही, आणि नोकरी सुटल्यावर ऑफिसच्या मेलपेटीत शिरता येत नाही. परवानगीही त्या कामापुरतीच असते. दवाखान्याने मुदत वाढवली, दुसरा ग्राहक मिळाला किंवा तुमची बदली आरोग्यसेवेच्या प्रकल्पावर झाली, तर पुन्हा कळवावं लागतं.

गैरसमज ५ : आधीच सुरू असलेलं काम आता सांगून काय उपयोग?

वस्तुस्थिती : उपयोग आहे, पण काम कोणतं आहे त्यावर पुढचं पाऊल ठरतं. दवाखान्याच्या अ‍ॅपसारखं काम असेल, स्पर्धेचा संबंध नसेल आणि ते ऑफिसच्या वेळेत होत नसेल, तर नवं काम घेणं थांबवा, चालू असलेलं काम जाहीर करा आणि पुढची परवानगी मागा. सुरुवातीची तारीख खरी लिहा. तारीख खोटी निघाली तर मूळ कामापेक्षा खोट्या माहितीवरूनच कारवाई होणं सोपं जातं. मात्र काम प्रतिस्पर्ध्याचं असेल, ऑफिसच्या वेळेत चालत असेल किंवा त्यात कंपनीचा कोड गेला असेल, तर एचआरला काहीही लिहिण्याआधी नियुक्तीपत्र घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा.

नकार आला, तर ते काम करता येणार नाही हे मान्य करावं लागतं. मग तीन मार्ग उरतात : काम सोडणं, अट शिथिल करण्याविषयी बोलणं, किंवा पुढची नोकरी घेताना हे कलम सहीच्या आधी बदलून घेणं. शेवटच्या मार्गाचा वापर फार कमी जण करतात. ऑफर हातात असते आणि सही व्हायची असते, तेव्हाच तुमच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन असतं. पगारासोबत याही कलमावर त्याच बैठकीत बोला, आणि जे ठरेल ते नियुक्तीपत्रात लिहून घ्या.