कागदी पॉड की कॅप्सूल?

इटलीत रुळलेला ईएसई पॉड म्हणजे सुमारे 7 ग्रॅम दळलेली कॉफी दाबून भरलेली, 44 मिलिमीटर व्यासाची कागदी चकती. हे माप कोणा एका कंपनीचे नसल्याने एकाच यंत्रात अनेक रोस्टरांची कॉफी चालते आणि कपामागचा खर्चही बहुधा कॅप्सूलपेक्षा कमी पडतो.

क्रेमात मात्र कॅप्सूल सरस. हवाबंद अ‍ॅल्युमिनियममध्ये कॉफीतला कार्बन डायऑक्साइड टिकतो. दाबाने झाकण फाटले की दाट फेस उतरतो. पॉडचा फेस पातळ, लवकर विरणारा. त्यात चकती तिरकी बसली तर पाणी कडेने निसटते: कप झटपट भरतो, पण कॉफी पाणचट लागते.

वापरलेला पॉड कुजून खत होतो, त्याचे चकचकीत वेष्टन मात्र नाही. अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते, पण आधी आतला ओला चोथा काढावा लागतो.