वत्सगुल्माची फेरी: चार ओळींत काय मावतं?

वारसाफेरीच्या जाहिरातीखाली चार ओळी असतात: कुठे जमायचं, किती वेळ, किती माणसं, किती शुल्क. त्या कुणीही शेवटी घाईत लिहितो. पण फेरीत नेमकं काय दाखवता येणार आहे, हे मथळ्यापेक्षा याच ओळींवरून जास्त खरं कळतं. वाशीमचंच पाहा. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. ती शाखा नीट उलगडली १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ताम्रपटामुळे. दुसऱ्या विंध्यशक्तीनं वत्सगुल्माहून आपल्या ३७व्या राज्यवर्षी तो दिला. त्यात वंशावळ संस्कृतात, तर दानाचा मजकूर प्राकृतात आहे. मथळा मात्र ‘वाकाटकांच्या राजधानीत’ असा दिला तर येणारा माणूस वाकाटकांच्या भिंती शोधत बसेल. फेरीत दिसणार ते बालाजी मंदिर आहे अठराव्या शतकातलं, साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी उभारलेलं.

यावर कुणी म्हणेल, एवढं खरं लिहिलं तर येणार कोण? पण दाखवायला छापील छायाचित्र आहेच. ताम्रपटाचं मोठं चित्र हाती दिलं की संस्कृत कुठे संपतं नि प्राकृत कुठे सुरू होतं, हे बोट ठेवून दाखवता येतं. मध्यमेश्वर मंदिराचंही तसंच. उज्जैनवरून जाणारी जुनी भारतीय मध्यरेषा इथून जाते असं सांगतात, आणि पहिल्या भास्कराच्या यादीत हे नगर खरोखरच त्या रेषेवर आहे. मात्र आजच्या नकाशावर वाशीम उज्जैनच्या पूर्वेला सुमारे १.४ अंश, म्हणजे सूर्याच्या वेळेनं साधारण साडेपाच मिनिटं पुढे पडतं. ही तफावत सांगितली, तर जुन्या काळी रेखांश मोजणं किती अवघड होतं हेही आपोआप कळतं.

आता त्या चार ओळी अशा होतील: ‘बालाजी मंदिराचं मुख्य दार, सकाळी ७, दोन तास, कमाल १५ जण, शुल्क १५० रुपये, मंदिरप्रवेश मोफत.’ चालणं थोडंच आहे. वेळ जातो तो थांबण्यात. पंधरापेक्षा जास्त माणसं झाली तर ते चित्र मागच्यांना दिसत नाही नि मंडपात दर्शनाला आलेल्यांची वाट अडते. शुल्काचा हिशेब असा मांडता येईल: मार्गदर्शकाचे १,५०० आणि छपाईचे ३०० धरले, तर १,८०० भागिले १२. पंधरांनी भागायचं नाही, कारण तीन जण आयत्या वेळी गळू शकतात. शुल्कामुळे विद्यार्थी मागे राहतील हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासाठी दोन जागा मोफत ठेवाव्यात. पंधराही आले तर खर्च उरलेल्या तेरांत भागतो.

अनसिंगचं शृंगऋषींचं मंदिर याच फेरीत जोडायचा मोह होतो. पण ते पुसद रस्त्यावर, वाहनानं जायचं ठिकाण. दोन तासांत बसत नाही. त्याची जाहिरात वेगळी हवी, आणि जमण्याची जागाही अनसिंगमध्येच.