चार्ज यादीत न मावणारे देणे

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. अशा बाजाराच्या गावात ग्रामपंचायतीचे दप्तर शेजारच्या लहान गावापेक्षा जाड असते, कारण पैसा अनेक वाटांनी येतो आणि तितक्याच वाटांनी जातो. ग्रामपंचायतीत खजिनदार असे वेगळे पद नसते. ते काम ग्रामसेवकाकडे असते. 2024 मध्ये राज्य शासनाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून त्यांना ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव दिले, तरी गावात हाक ‘ग्रामसेवक’ अशीच मारली जाते. हा माणूस वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त होतो आणि जाताना दप्तर पुढच्याच्या हाती देतो. याला सगळे ‘चार्ज देणे’ म्हणतात. माझे म्हणणे असे की, आज ज्या पद्धतीने चार्ज दिला जातो त्यात वह्या हस्तांतरित होतात, पण देणी होत नाहीत. म्हणून चार्ज यादीला जोडून देण्यांची स्वतंत्र टीप असायलाच हवी.

चार्ज यादी म्हणजे काय असते? महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता, 2011 मध्ये 1 ते 33 असे नमुने ठरवून दिले आहेत. नमुना 1 अर्थसंकल्पाचा, 5 सामान्य रोकडवहीचा, 8 कर आकारणीचा, 9 कर मागणीचा, अशी ती ओळ 33 पर्यंत म्हणजे वृक्ष नोंदवहीपर्यंत जाते. यादीत या वह्यांची नावे, पाने, पावती पुस्तकांचे क्रमांक, शिक्के आणि चाव्या लिहितात आणि खाली देणारा-घेणारा सह्या करतात. वस्तू मोजून घ्यायला ही यादी उत्तम आहे. अर्धवट वापरलेल्या पावती पुस्तकाच्या शेवटच्या स्थळप्रतीवर दोघांची सही आणि तारीख असली, तर त्यानंतरची पावती कोणी फाडली यावर पुढे वाद उरत नाही. पण यादी वस्तूंची आहे. गटाराचे काम झाले, मोजमाप झाले, बिल मात्र द्यायचे राहिले, ही वस्तू नव्हे. ती कुठल्याही वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली नसते.

याचे कारण हिशेबाच्या पद्धतीतच आहे. रोकडवही रोखीवर चालते. पैसा आला की जमा, गेला की खर्च. जो पैसा जायचा आहे पण अजून गेलेला नाही, त्याला तिच्यात जागा नाही. अर्थसंकल्पात जागा असते, पण ती इच्छेची असते, बांधिलकीची नव्हे. या दोहोंमधली पोकळी भरायला नमुना 4 आहे, ‘ग्रामपंचायतीची मत्ता व दायित्वे’. तो 31 मार्चच्या स्थितीवर भरला जातो, आणि बहुतेक चार्ज त्या तारखेला होत नाहीत. आपल्याकडे एका पिढीच्या शाळा दाखल्यांवर 1 जून ही जन्मतारीख सर्रास लावलेली सापडते. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून 31 मे ही चार्ज देण्याची नेहमीची तारीख. तोवर नमुना 4 दोन महिने जुना झालेला असतो. नवी कर मागणी लागलेली असते आणि मार्चनंतरचे कामांचे मोजमापही झालेले असते.

आकड्यांत पाहू. हे उदाहरण मानलेले आहे, कोणत्याही गावाचे नाही. 31 मे रोजी ग्रामनिधीच्या बँक पासबुकात 6,40,000 रुपये दिसतात. दिलेला पण अजून न वटलेला धनादेश 35,000 चा आहे, तेव्हा रोकडवहीची शिल्लक 6,05,000. चार्ज यादीत हाच आकडा लिहिला जातो आणि गोष्ट इथे संपते. पण आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव घेणाऱ्याने भरलेली 60,000 ची अनामत याच खात्यात आहे. मुदत संपली आणि त्याच्याकडे बाकी नसली की ती परत द्यायची, म्हणजे ती ग्रामपंचायतीची नव्हेच. ती नमुना 17 मध्ये लिहिलेली असेल तर सापडेल, नाहीतर ठेकेदार पावती घेऊन दारात उभा राहील तेव्हाच कळेल. उरले 5,45,000. मागच्या वर्षी स्वतःचे उत्पन्न 10 लाख होते असे धरू. मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च करायचा, म्हणजे 3 लाख. त्यातले 1,80,000 झाले, 1,20,000 राहिले. हा अनुशेष वर्ष बदलले म्हणून मिटत नाही. उरले 4,25,000. पथदिव्यांच्या वीजबिलाची थकबाकी 1,90,000. उरले 2,35,000. एका वस्तीतल्या गटाराचे काम पूर्ण होऊन मोजमाप पुस्तिकेत नोंदलेले आहे आणि त्याचे देणे 1,45,000 चे आहे. उरले 90,000.

नव्या माणसाने 6,05,000 वर सही केली. पहिल्या मासिक सभेत सदस्य म्हणाले, खात्यात सहा लाख आहेत तर शाळेच्या कुंपणाचे काम घेऊ. ठराव झाला, कामही सुरू झाले. ऑगस्टमध्ये गटाराचा ठेकेदार, वीज कंपनी आणि बाजाराचा ठेकेदार एकामागून एक आले. यात अफरातफर कोणी केली नाही. जुन्याने खोटे लिहिले नाही आणि नव्यानेही बेफिकिरी केली नाही. तरीही ग्रामपंचायत देणी थकवणारी ठरली, कारण 90,000 हा आकडा त्या दोघांपैकी एकाच्याच डोक्यात होता आणि तो माणूस 31 मे रोजी घरी गेला. पंधराव्या वित्त आयोगाचे खाते मी या हिशेबात धरलेलेच नाही. त्यातला 60 टक्के निधी 2021-22 पासून बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. ती शिल्लक मोठी दिसली तरी कुंपणाला उपयोगाची नाही, आणि टीपेत ती वेगळ्या ओळीत, बंधित किती आणि अबंधित किती असे सांगूनच लिहायला हवी.

टीपेचा खरा कस लागतो तो चालू कामांवर. ‘काम प्रलंबित’ हा शेरा निरुपयोगी आहे, कारण काम कोणत्या टप्प्यावर थांबले आहे त्यावर देणे ठरते. नुसता ठराव झाला असेल तर ग्रामपंचायत कोणाला काही लागत नाही, दुसऱ्या सभेत तो बदलता येतो. अंदाजपत्रकाला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळाली, तरी अजून बाहेरच्या कोणाचा हक्क तयार झालेला नाही. कार्यारंभ आदेश दिला की बांधिलकी सुरू झाली, कारण ठेकेदाराने सिमेंट उचलले. शाखा अभियंत्याने मोजमाप लिहिले की ती बांधिलकी देणे झाली, आणि तेही रुपया-पैशांत. म्हणून टीपेतली एक ओळ अशी हवी: ‘वस्तीतील गटार, कार्यारंभ आदेश दिला, काम पूर्ण, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयक तयार नाही, सुरक्षा अनामत कापायची आहे, खर्च ग्रामनिधीतून.’ एवढी ओळ वाचली की नवा माणूस विचारल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू शकतो. कापलेल्या रकमांचेही तसेच. बिलातून आयकर आणि कामगार कल्याण उपकर कापला पण भरला नाही, तर ती रक्कम खात्यात शिल्लक म्हणून दिसत राहते आणि दंड मात्र वाढत जातो.

यावर पहिला आक्षेप येतो तो संगणकाचा. आता सगळे ई-ग्रामस्वराजवर आहे, देयके ऑनलाइन निघतात, मग वेगळी टीप कशाला? वित्त आयोगाच्या पैशांपुरते हे बरेचसे खरे आहे. पण ती प्रणालीही व्यवहार झाल्यावर प्रमाणक दाखवते. मोजमाप झालेले पण देयक न टाकलेले काम किंवा वीजबिलावरचा वाद तिथे दिसणार नाही. शिवाय डिजिटल सही माणसाची असते, पदाची नसते. जुन्याची सही बंद होऊन नव्याची नोंदणी होईपर्यंत देयके अडतात, आणि नेमक्या त्याच काळात कोणते देणे तातडीचे हे कळायला हवे असते. संगणक आल्याने टीपेची गरज कमी झालेली नाही, उलट चार्जनंतरचे पहिले काही आठवडे ती जास्त लागते.

दुसरा आक्षेप लेखापरीक्षणाचा: स्थानिक निधी लेखापरीक्षणात सगळे बाहेर येतेच. येते, पण उशिरा. आक्षेप नमुना 30 मध्ये चढतो तेव्हा ज्याच्या काळातला तो आहे तो निवृत्त असतो आणि उत्तर लिहायची पाळी उत्तराधिकाऱ्यावर येते. त्याला फक्त प्रमाणक दिसते, त्यामागचा निर्णय दिसत नाही. म्हणून जुन्या आक्षेपांपैकी कोणत्याची पूर्तता कोणत्या कागदाअभावी अडली आहे, हे टीपेत हवे. ‘आक्षेप प्रलंबित’ एवढ्याने भागत नाही. ‘साहित्य खरेदीचे दरपत्रक सापडत नाही, पुरवठादाराकडून प्रत मागवली आहे’ असे लिहिले तर पुढच्याचा कित्येक दिवसांचा शोध वाचतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो माणसाच्या भीतीतून येतो. निवृत्त होणाऱ्याला पेन्शनसाठी नादेय प्रमाणपत्र हवे असते. अशा वेळी थकलेली देणी, न झालेला अनुशेष, न भरलेली कपात आपल्याच हाताने लिहून सही करणे म्हणजे आपल्या विरुद्ध पुरावा देणे, असे त्याला वाटते. ही भीती खोटी नाही. तरी विचार केला तर टीप त्याच्याच बाजूची आहे. देणे लपत नाही, फक्त तारखेवाचून राहते, आणि तारीख नसलेले देणे शेवटी जाणाऱ्याच्या नावावर चढते. 31 मेच्या टीपेत 1,90,000 चे वीजबिल लिहिलेले असेल तर जूनपासून वाढलेली रक्कम कोणाच्या काळातली, याचे उत्तर कागदच देतो. जे देणे त्याने लिहिले ते गटविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयातही त्याच दिवशी पोचले, तर ‘मला सांगितलेच नाही’ असे नंतर कोणाला म्हणता येत नाही. भीती कमी करायची असेल तर पंचायत समितीनेच ही टीप सक्तीची करावी. सगळ्यांनाच लिहावी लागली की ती कबुली राहत नाही, रोजच्या दप्तराचा भाग होते.

टीप लांब असण्याचे कारण नाही. चार्जच्या तारखेपर्यंत ओढून घेतलेला नमुना 4, बँकेच्या पासबुकाशी जुळवलेली शिल्लक, टप्प्यांसह चालू कामांची पाने आणि अनामतींची यादी एवढ्यात ती भागते. सरपंचांची सहीही हवी, कारण बँक खाते दोघांच्या सहीने चालते आणि बदलतो तो एकच. चार्ज घेणाऱ्या प्रत्येक नव्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला एवढेच सांगणे आहे: सही करण्याआधी त्या तारखेपर्यंतचा नमुना 4 मागा. तो मिळाला नाही, तर यादीच्या शेवटी ‘दायित्वांचे विवरण प्राप्त झाले नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा आणि मगच सही करा.