सौर पॅनेलच्या पाठीवरचे स्टिकर

सौर पॅनेलच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर सर्वांत ठळक आकडा असतो तो कमाल शक्तीचा, समजा ५४० वॅट. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे: दर चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस. असे पॅनेल साधारण २.५८ चौरस मीटरचे असते. म्हणजे त्यावर २५८० वॅट प्रकाश पडतो आणि त्यातून ५४० वॅट वीज मिळते. कार्यक्षमता २१ टक्के म्हणतात ती हीच.

छपरावर मात्र एप्रिलच्या दुपारी सौरघट सहज ६५ अंशांपर्यंत तापतो. तापमान गुणांक उणे ०.३५ टक्के असेल, तर ४० अंशांच्या वाढीने शक्ती १४ टक्क्यांनी घटते आणि पूर्ण उन्हातही सुमारे ४६५ वॅटच उरतात. हा गुणांक स्टिकरवर नसेल तर माहितीपत्रकात सापडतो. ग्राहकाने तो मागून घ्यावाच.

‘व्हीओसी’ म्हणजे काहीही जोडलेले नसतानाचा दाब, इथे ४९.५ व्होल्ट. बारा पॅनेल एकापुढे एक जोडली की ५९४ व्होल्ट होतात. थंडीत हा दाब आणखी वाढतो, त्यामुळे ६०० व्होल्टची मर्यादा असलेला इन्व्हर्टर पहाटेच्या गारठ्यात निकामी होऊ शकतो.

विजेच्या बाणाचे चिन्ह आणि ‘भार असताना जोडणी काढू नये’ ही सूचना याच दाबासाठी आहे. एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही. शिवाय ऊन आहे तोवर पॅनेलला बंद करण्याचे बटण नसते.