मोठी कंपनी कोणती? आधी माप सांगा

इंडियन ऑइल आणि टीसीएस या दोन्ही कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये मुंबईत आहेत. २०२२-२३ मध्ये इंडियन ऑइलची उलाढाल सुमारे ९.३५ लाख कोटी रुपये होती, तर टीसीएसची सुमारे २.२५ लाख कोटी. उलाढालीच्या यादीत तेल कंपनी चौपट मोठी ठरते. पण मार्च २०२३ अखेर शेअर बाजारात टीसीएसचे मूल्य साधारण पावणेबारा लाख कोटी होते आणि इंडियन ऑइलचे जेमतेम एक लाख कोटीच्या आसपास. म्हणजे चौपट लहान असलेली कंपनी इथे दसपट मोठी होऊन बसली.

उलाढाल म्हणजे वर्षभरात विकलेल्या मालाची एकूण किंमत. इंडियन ऑइल कच्चे तेल विकत घेते, ते शुद्ध करून पेट्रोल, डिझेल आणि गॅस विकते. विक्रीच्या प्रत्येक रुपयातला बहुतेक भाग कच्च्या तेलाच्या खरेदीतच जातो. सरकारला भरायचे उत्पादन शुल्कही याच आकड्यात धरलेले असते. हा पैसा कंपनीच्या हातात येतो आणि लगेच निघूनही जातो. त्यात तेलाचे भाव चढले की एक थेंबही जास्त न विकता उलाढाल फुगते. २०२०-२१ मध्ये ती सुमारे ५.१५ लाख कोटी होती आणि निव्वळ नफा २१,८३६ कोटी. दोन वर्षांनी उलाढाल दुपटीच्या जवळ गेली, नफा मात्र ८,२४२ कोटींवर घसरला. कच्चे तेल महागले, पण पंपावरचे दर त्या प्रमाणात वाढवता आले नाहीत. मला वाटते, उलाढालीच्या याद्या वाचताना हेच सर्वांत आधी तपासावे: आकडा कामामुळे वाढला की भावामुळे?

टीसीएसला कच्चा माल घ्यावा लागत नाही. तिचा मुख्य खर्च पगाराचा, आणि त्याच वर्षी तिचा नफा ४२ हजार कोटींच्या वर होता. बाजारमूल्य काढताना शेअरचा भाव एकूण शेअरसंख्येने गुणतात, आणि त्या भावात लोकांना अपेक्षित असलेला पुढच्या अनेक वर्षांचा नफा धरलेला असतो. सरकारी कंपनीला दर मनासारखे ठरवता येत नाहीत, ही शंकाही त्यातच आली. मनुष्यबळ मोजले तर टीसीएसकडे तेव्हा सहा लाखांहून अधिक माणसे होती, इंडियन ऑइलकडे त्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी.

बाजारमूल्य हे मापही एकच नाही. टीसीएसचे मूल्य इन्फोसिसच्या जवळपास दुप्पट होते, तरी निफ्टीत इन्फोसिसचा भार जास्त. कारण निफ्टी फक्त बाजारात खरेदी-विक्रीसाठी मोकळे असलेले शेअर मोजते. टीसीएसचे सुमारे ७२ टक्के शेअर टाटा सन्सकडे होते, इन्फोसिसच्या प्रवर्तकांकडे १५ टक्क्यांच्या आसपासच. प्रवर्तकांचा वाटा वजा केला की दोघींची जागा उलटते.