सोळाव्या खणाची कामगिरी

दोन टेलिफोन एक्स्चेंजना जोडणाऱ्या पीसीएम लाइनवर एका वेळी ३० संभाषणं चालतात. लाइनवर खण, म्हणजे टाइम स्लॉट, मात्र ३२ असतात. उरलेले दोन वाया गेलेले नाहीत. त्यांच्याशिवाय बाकीचे ३० निरुपयोगी ठरतील.

प्रत्येकाच्या आवाजाचा नमुना सेकंदाला ८,००० वेळा घेतात आणि तो आठ बिटांत लिहितात. सगळ्यांचे नमुने ओळीने पाठवले की एक फ्रेम होते. ३२ खणांचे मिळून २५६ बिट, तेही १२५ मायक्रोसेकंदांत.

पलीकडच्या टोकाला दिसतो तो बिटांचा अखंड प्रवाह. फ्रेम कुठे सुरू झाली हे शून्याव्या खणातून कळतं. त्यात एकाआड एक फ्रेममध्ये ००११०११ ही ठरलेली खूण येते. अशीच बिटं कुणाच्या बोलण्यातही योगायोगाने येऊ शकतात, म्हणून मधल्या फ्रेममध्ये याच खणाचा दुसरा बिट मुद्दाम १ ठेवतात आणि तोही तपासतात. खूण लागोपाठ तीनदा चुकली की फ्रेम हरवली असं धरतात.

सोळाव्या खणाचं काम जास्त गुंतागुंतीचं. फोन उचलला, ठेवला, नंबर फिरवला, हे सारं त्यातून जातं. आठ बिट ३० जणांना कसे पुरणार? म्हणून १६ फ्रेमांची एक मल्टीफ्रेम करतात. तिच्या शून्याव्या फ्रेममध्ये या खणात सुरुवातीला ०००० ही खूण असते. पुढच्या १५ फ्रेम दोन-दोन चॅनेलना चार-चार बिट देतात. विसाव्या चॅनेलचंच बघा. सोळावा खण आवाजासाठी नसल्याने त्याचा आवाज एकविसाव्या खणात जातो, तर त्याचं सिग्नलिंग पाचव्या फ्रेमच्या सोळाव्या खणात, उत्तरार्धात. पूर्वार्ध पाचव्या चॅनेलचा. विसाव्याची पाळी दर दोन मिलिसेकंदांनी येते. रिसीव्हर उचलल्याचं कळायला तेवढं भरपूर झालं. पहिल्या १५ चॅनेलना ०००० हा संकेत मात्र वर्ज्य आहे, नाहीतर तीच मल्टीफ्रेमची खूण वाटेल.

मल्टीफ्रेम हरवली तर आवाजाचे खण शाबूत असतात, पण कोणते चार बिट कुणाचे ते कळत नाही. मग तीसही चॅनेल सेवेतून काढावे लागतात. यात एक नेहमीची भानगड आहे. पुढे आलेल्या पद्धतीत याच खणातून सर्व चॅनेलचे निरोप एकामागून एक जातात, तिथे मल्टीफ्रेम लागतच नाही. एक टोक नव्या पद्धतीवर आणि दुसरं जुन्यावर लावलं गेलं, तर जुन्या टोकाला फ्रेम व्यवस्थित दिसते, तरी मल्टीफ्रेमचा अलार्म जळत राहतो. अशा वेळी केबल उकरण्याआधी दोन्ही टोकांचं सेटिंग ताडून पाहावं.